एकरी एक तास? नांगर कोणत्या बाजूने चालला ते आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन फाळांच्या पलटी नांगराने एकराला एक तास पुरतो, असे आपण काल शेतीच्या पानावर चौकट टाकून छापले आहे. ती चौकट आज सकाळपासून आमच्या गावात मोबाईलवर फिरते आहे. आता ज्याचे वावर दोन तासांत एकर होईल तो ट्रॅक्टरवाल्याला चोर म्हणणार, आणि ज्याला खरोखर लुटले जाईल त्याला ते कळणारही नाही. म्हणून हे पत्र.

लेखकाने रुंदीला वेगाने गुणले, त्याने क्षेत्राला भागले आणि मोकळे झाले. सूत्र चुकीचे नाही. पण ते मीटर आणि हेक्टरमध्ये दिले, आणि आमच्याकडे नांगर फुटात आणि जमीन गुंठ्यात मोजतात. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. एक फूट रुंदीचे औजार एक किलोमीटर, म्हणजे सुमारे ३२८१ फूट, चालले की तीन गुंठे होतात. तेव्हा औजाराची रुंदी फुटात, वेग ताशी किलोमीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून तिप्पट करा; तासाला किती गुंठे उरकतील ते येते. हा हिशेब बांधावर उभे राहून तोंडी होतो. छापायचा तर हा छापायला हवा होता.

आता लेखातला वेग घ्या. दोन फाळ मिळून दोन फूट, वेग ताशी साडेसहा किलोमीटर, म्हणून ३९ गुंठे. लेखकाचा एकरी एक तास इथून आला. पण साडेसहाचा वेग गिअरच्या तक्त्यावरचा आहे. तूर काढलेल्या काळ्या रानात, नांगर नऊ इंच खाली गेलेला असताना मागची चाके जागेवर घसरतात, इंजिन दबते आणि ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो. घसरण पाहायची असेल तर मागच्या टायरवर खडूने खूण करावी. नांगर उचलून दहा फेऱ्यांत चाक ४० मीटर जात असेल आणि नांगर जमिनीत असताना त्याच दहा फेऱ्यांत ३४ मीटरच जात असेल, तर १५ टक्के चाल मातीत गेली. खरा वेग मोजणे त्याहून सोपे आहे. वावराच्या मध्यावर ३० मीटरवर दोन खुंट्या ठोकाव्यात आणि नांगर चालू असताना घड्याळ लावावे. २४ सेकंद लागले तर ताशी साडेचार किलोमीटर. आमच्या रानात एवढाच येतो. म्हणजे दोन गुणिले साडेचार गुणिले तीन, तासाला २७ गुंठे, एकराला जवळपास दीड तास. आणि यात अजून एकदाही ट्रॅक्टर वळलेला नाही.

लेखात वळणाचा शब्दसुद्धा नाही आणि माझा खरा राग त्यावर आहे, कारण मला भुर्दंड पडला तो वळणांचाच. माझी एक दोन एकरांची पट्टी आहे, लांबी ६६० फूट आणि रुंदी १३२ फूट. गेल्या उन्हाळ्यात तासाच्या बोलीने ट्रॅक्टर लावला. वावरात शिरायची वाट लांब बांधाच्या बाजूला आहे. ड्रायव्हर तिथून आत आला आणि समोर दिसेल तसा, आखूड बाजूने, नांगर धरून निघाला. मी त्या वेळी कामासाठी तालुक्याला गेलो होतो. परत येईपर्यंत बहुतेक वावर उरकले होते आणि मीटर पाच तासांच्या जवळ गेला होता. ड्रायव्हर म्हणाला, "काका, रानच कडक आहे." रान कडक नव्हते. पावसाच्या दोन सरी पडून वाफसा आलेला होता.

हिशेब बघा. कोणत्याही बाजूने गेलात तरी दोन एकरांत दोन फुटी नांगर ४३,५६० फूट चालतो, सव्वातेरा किलोमीटर. साडेचारच्या वेगाने त्याला तीन तासांना दोनचार मिनिटे कमी लागतात. पण लांबीने गेले तर ६६ फेऱ्या होतात आणि आडवे गेले तर ३३०. प्रत्येक फेरीच्या शेवटी नांगर उचलणे, पलटणे, ट्रॅक्टर मागेपुढे करून पुन्हा ओळीत लावणे, याला २० सेकंद धरा. चांगल्या ड्रायव्हरलाही तेवढे लागतात. लांबीने वळणांचे २२ मिनिटे होतात, आडवे एक तास ५० मिनिटे. म्हणजे तेच वावर, तोच नांगर, तोच वेग, आणि एकीकडे तीन तास वीस मिनिटे, दुसरीकडे चार तास पन्नास. दोन्ही टोकांची वळणाची पट्टी शेवटी नांगरावी लागते ती वेगळी. दीड तासाचे भाडे मी ट्रॅक्टर वळवण्यासाठी भरले. शिवाय माझ्या पट्टीला उतार आखूड बाजूने आहे, त्यामुळे लांबीने नांगरले असते तर नांगराच्या सऱ्या उताराला आडव्या पडून पाणी अडले असते. पैसेही गेले आणि मातीचेही नुकसान झाले.

लेखकाने निदान "कार्यक्षमता" म्हणून काही टक्के वजा करायला हवे होते, असे कृषी पदवीधर वाचक म्हणतील. पुस्तकात नांगरटीला साधारण ७० ते ८५ टक्के धरतात. पण माझ्याच पट्टीत लांबीने वळणे धरून ती ८९ येते आणि आडवी ६२. त्यामुळे नुसता टक्का छापून भागणार नाही, वावराची लांबी-रुंदी विचारूनच तास सांगता येतात.

हार्वेस्टरबद्दलही लेखात एक ओळ आहे. चौदा फुटी कटरबार, ताशी तीन किलोमीटर, म्हणून तासाला तीन एकर. टाकी रिकामी करणे, लोळलेल्या पिकात थांबणे, कोपरे मोकळे करणे, हे धरले तर आमच्याकडे दोन एकर झाले तरी पुष्कळ. आणि तिथे बोली एकरावर असते, त्यामुळे उलटा त्रास होतो. मशीनवाला वेग वाढवतो, कटरबार उंच धरतो आणि सोयाबीनच्या खालच्या शेंगा धसकटांवरच राहतात. मशीन पुढे गेल्यावर मागे चालत जाऊन जमिनीवरचे दाणे मोजावेत, जास्त दिसले तर तिथेच वेग कमी करायला लावावा. एकरी बोलीत तासांकडे बघायचे ते यासाठी.

आणखी एक. त्याच पानावरच्या तक्त्यात डोक्यावर "हेक्टर" लिहिले आहे आणि खालचे आकडे एकराचे आहेत. हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. त्या तक्त्यावरून कोणी डिझेल भरून ठेवले तर निम्म्यापेक्षा जास्त रान नांगरायचे राहील. मागच्या महिन्यात खताच्या मात्रेतही हीच चूक झाली होती, मी फोन केला होता आणि "कळवतो" असे उत्तर मिळाले होते. या वेळी दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत यावी आणि तिच्यात गुंठ्यांचा हिशेब व वळणांचा वेळ दोन्ही द्यावेत, ही विनंती. नांगरटी अजून महिनाभर चालणार आहेत.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. औसा, जि. लातूर