बरणीवर 'प्रेमाने बनवलेले' असं लिहून भागत नाही, मंत्रिमहोदय

मा. अन्न व ग्राहक व्यवहार मंत्री यांस,
स. न. वि. वि.

घरगुती खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला लेबलचा सोपा नमुना मोफत देऊ आणि विक्रीआधी तो तपासू, असं आश्वासन आपण भर मंचावरून दिलं होतं. मी टाळ्याही वाजवल्या होत्या. नमुना कुणापर्यंत पोहोचलाय असं दिसत नाही. मी मात्र गेल्या आठवड्यात रुग्णालयात पोहोचले.

आपल्याच खात्याच्या प्रदर्शनात मी तेलातल्या लसणाची एक बरणी घेतली. लेबलवर घटक होते: लसूण, तेल, मसाले. मला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, म्हणून मी लेबल वाचल्याशिवाय काही तोंडात घालत नाही. यात शेंगदाणे नव्हते, म्हणजे लिहिलेले नव्हते. दोन घासांत ओठ सुजले, मग घसा आवळू लागला, श्वास आत घेता येईना. इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून हे पत्र लिहितेय. नंतर कळलं की दाटपणा यावा म्हणून त्या 'मसाल्यां'त शेंगदाण्याची पूड घातली होती. करणाऱ्या बाईंनी ते लपवलं नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, मिश्रण असेल तर ते फोडून सांगायचं असतं आणि शेंगदाणे तर चिमूटभर असले तरी नावानिशी लिहायचे असतात. कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकात उतरत्या क्रमाची पद्धत १९८५ पासून आणि शेंगदाण्यांचा नियम १९९९ पासून आहे. आपल्या खात्याला फाइल उघडायला अजून किती वर्षं हवीत?

घरी आल्यावर रागाने मी बरणी काट्यावर ठेवली. लेबलवर ४०० ग्रॅम, काट्यावरही ४००. वा! मग रिकामी करून, धुऊन, पुसून तोलली तर बरणी आणि झाकणच १९० ग्रॅम. म्हणजे माल २१०. निव्वळ वजन आत काय आहे त्याचं असतं, काचेचं नव्हे, एवढं तरी आपल्या निरीक्षकांना ठाऊक असेल अशी आशा आहे. अशी लेबलं बाजारात शंभरात नव्वद असतील. हा आकडा माझ्या संतापाचा आहे. खात्याने मोजून तो खोटा पाडावा, मला आनंदच होईल.

पण माझी सूज उतरली तरी ज्या ओळीने झोप उडते ती खालची आहे: 'तीन महिने टिकते. थंड व कोरड्या जागी ठेवा.' तीन महिने कधीपासून? तयार केल्याची तारीख कुठेच नाही. आणि लसूण तेलात बुडवला की त्याला हवा मिळत नाही. मातीतून त्याच्यासोबत आलेले, बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू नेमक्या अशाच जागी वाढतात, कारण लसणात आंबटपणा फार कमी असतो. पीएच ४.६ च्या वर, म्हणजे आंबटपणा कमी असेल आणि बरणी खोलीच्या तापमानात असेल तर विष तयार होऊ शकतं, आणि त्याला ना वास येतो ना चव बदलते. १९८५ मध्ये व्हँकूवरला अशाच बाटलीबंद लसणामुळे ३६ जण आजारी पडले होते. घरी केलेलं लसूण-तेल फ्रिजमध्ये ठेवूनही ४ दिवसांनंतर फेकून द्या, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते. इथे आपण तीन महिने कपाटात ठेवायला सांगतोय, वर आपल्या खात्याचा शिक्का!

या बरणीचं लेबल कसं हवं होतं, ते मीच लिहून देते: 'लसूण, तेल, शेंगदाण्याची पूड, तिखट, मीठ. शेंगदाणे आहेत. निव्वळ वजन २१० ग्रॅम. तयार केल्याची तारीख अमुक. फ्रिजमध्येच ठेवा, ४ दिवसांत संपवा.' शेवटची ओळ बारीक अक्षरात नको, झाकणावर हवी. इतक्या कमी दिवसांत माल विकला जाणार नाही, असं ती बाई म्हणेल आणि तिचं बरोबर आहे. मग तिला प्रयोगशाळेत तपासून आम्लता वाढवायची कृती द्या, किंवा हा पदार्थ विकू नको असं स्पष्ट सांगा. यातलं काहीच न करता तिच्यासोबत फोटो काढणं मात्र आपल्याला जमलं.

तक्रार घेऊन कार्यालयात गेले तर उत्तर मिळालं, "घरगुती माल आहे, थोडं सांभाळून घ्या." परवान्याचं शुल्क घेताना 'घरगुती' आठवत नाही का? पावती चोख, तपासणी शून्य. इथे प्रत्येक खातं असंच चालतं: उद्घाटनाला सगळे हजर, चौकशीला सगळे दौऱ्यावर. खाली कुणी मेलं तर समिती, वाचलं तर "सांभाळून घ्या".

लेबलचा तो नमुना कोणत्या तारखेला मिळेल, आणि त्या प्रदर्शनात विकल्या गेलेल्या बाकीच्या बरण्या परत कोण मागवणार, ही दोन उत्तरं मला लेखी हवी आहेत. बरण्यांचं उत्तर आजच द्या. त्या या क्षणी कुणाच्या तरी कपाटात आहेत.

आपली,
एक ग्राहक