विषय : ‘नो शो’ ही नोंद रद्द करून परीक्षेचा स्लॉट बदलून देण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, परीक्षा विभाग

दि. ९ जून रोजी दुपारी २.३० ते ४.३० या स्लॉटमध्ये मी सिंदेवाही तालुक्यातील (जि. चंद्रपूर) माझ्या गावी, घरून आपली परीक्षा देत होते. ओळखपत्राची तपासणी झाली, कॅमेरा फिरवून खोली दाखवली आणि ३.१८ पर्यंतची माझी उत्तरे आपल्या सर्व्हरवर जमा झाली. तरीही पोर्टलवर माझ्या नावापुढे ‘नो शो’ अशी नोंद आहे, आणि नवीन स्लॉटसाठी पुन्हा पूर्ण शुल्क मागितले जात आहे. हजर असलेल्या उमेदवाराला गैरहजर ठरवणे मला मान्य नाही.

सकाळच्या वादळात आमच्या फीडरची वीज गेली. लॅपटॉप पूर्ण चार्ज होता आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आपली सिस्टिम टेस्टही पार पडली होती; परंतु गावाचा टॉवर तेव्हा बॅटरीवर चालू होता आणि ती उतरू लागली तसा अपलोडचा वेग घटत गेला. त्यामुळे आधी कॅमेऱ्याचे चित्र अडकले, ‘तुमचा व्हिडिओ थांबला आहे’ हा निरीक्षकांचा चॅटवरील संदेश मात्र पोहोचला, आणि त्यानंतर नेटवर्कच गेले.

हे सर्व मी आपल्या हेल्पलाइनवर सांगितले, तेव्हा प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, मग सायबर कॅफेत बसून द्यायची होती ना!” सार्वजनिक ठिकाणी परीक्षा देता येत नाही आणि खोलीत दुसरी व्यक्ती दिसल्यास परीक्षा रद्द होते, हा आपलाच नियम मी त्यांना वाचून दाखवला. त्यावर “ते तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडे सिस्टिम ओके दाखवते,” असे म्हणून त्यांनी मला होल्डवर ठेवले आणि फोन कट झाला. कॅफेत गेले असते तर परीक्षा रद्द झाली असती. घरी बसले तर मी आलेच नाही असे ठरले. खेड्यातल्या मुलीने नेमके कुठे बसावे, याचे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे.

वीज खंडित झाल्याचा एसएमएस, चॅटचा आणि ‘कनेक्शन तुटले’ या संदेशाचा वेळेसह स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे. आपण स्वतःच्या सेशन लॉगमध्ये माझे लॉगिन, खोलीची तपासणी आणि शेवटचे जमा झालेले उत्तर पाहिलेत, तर हीच वेळ आढळेल.

मला दि. १८, १९ किंवा २० जून रोजी सकाळी ८ ते १० हा स्लॉट द्यावा; तो नसल्यास याच दिवशी १० ते १२ चालेल. मृगाच्या दिवसांत वादळ बहुधा दुपारनंतर येते, म्हणून दुपारचा स्लॉट कृपया देऊ नये. या वेळी मी ब्रह्मपुरीला मामांच्या घरी, स्वतंत्र खोलीत बसेन. तिथे फायबरची जोडणी असून राउटर इन्व्हर्टरवर आहे.

‘नो शो’ ही नोंद काढून, कोणतेही शुल्क न घेता, नवीन स्लॉट दि. १५ जूनपर्यंत ई-मेलने कळवावा. तसे न झाल्यास मी चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
परीक्षार्थी
(अर्ज क्रमांक व प्रवेशपत्र सोबत जोडले आहे)