पाडव्याचा निरोप आबांच्या तोंडचा हवा

टोरांटो,
रविवार, ८ मार्च २०२६

चि. सोनू,

आत्याचा आशीर्वाद. "आत्या, पाडव्याचा एखादा भारी मेसेज पाठव, आबांच्या नावानं सगळ्या ग्रुपला टाकतो," असं तू लिहिलंस. भारी मेसेज मी पाठवणार नाही. निरोप आबांच्या नावानं जाणार असेल तर तो आबांकडूनच निघाला पाहिजे. तो कसा काढायचा, ते मात्र सविस्तर लिहिते. अजून अकरा दिवस हातात आहेत.

आधी फॉरवर्ड ओळखू कसा येतो ते बघ. बाणाचं चिन्ह तर सगळ्यांनाच कळतं. मेसेज पाच किंवा जास्त हातांतून फिरत आला की त्यावर दोन बाण येतात. मजकूर कॉपी करून डकवला तर बाण जातो, पण मजकूर लपत नाही. "आपणास व आपल्या परिवारास हे नूतन वर्ष सुखाचे, समृद्धीचे व भरभराटीचे जावो" असं आबा जन्मात बोललेत का? आपल्या घरात कोणी कोणाला "आपण" म्हणत नाही आणि "परिवार" हा शब्द फक्त लग्नपत्रिकेत येतो. नांदेडच्या काकूंनी पहिली ओळ वाचली की त्यांना कळणार, हे सोनूनं कुठून तरी उचललंय. मग त्या हात जोडलेलं चित्र टाकतील आणि विषय तिथंच संपेल.

शिवाय यंदा "समृद्धी, भरभराट" हे शब्द टोचतील. सप्टेंबरच्या पाण्यात कोणाचं सोयाबीन गेलं, कोणाची जमीन खरडून गेली, हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्याचा एका शब्दानंही उल्लेख नसलेली शुभेच्छा परक्या माणसाची वाटते.

आणखी एक. फिरत्या मेसेजमध्ये शक आणि संवत्सर घातलेलं असतं. १९ मार्चला शके १९४८ लागतं. तुला कुठं १९४७ किंवा विश्वावसू दिसलं तर तो मेसेज गेल्या वर्षीचा शिळा आहे असं समज. यंदाच्या संवत्सराचं नाव पराभव. साठ नावांच्या चक्रातलं ते चाळिसावं नाव, त्यात वाईट काही नाही, पण ज्याला हे माहीत नाही तो "पराभव संवत्सराच्या शुभेच्छा" वाचून दचकेल. आपल्या निरोपात संवत्सर घालूच नको. पंचांग वाचायला मारुतीच्या पारावर माणसं आहेत.

आता काम. कागदावर घरं लिहून काढ: नांदेड, वसमत, लातूर, पुणे, माजलगाव आणि आम्ही. प्रत्येक घरापुढे गेल्या पाडव्यापासून त्या घरात घडलेली एकच गोष्ट लिही, जी त्यांनी स्वतः सगळ्यांना सांगितलेली आहे. ही अट पाळ. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन सगळ्यांना माहीत आहे, ते चालेल. कोणाचं कर्ज, कोणाच्या सोयरिकीची बोलणी, कोणाची साखर वाढलेली, हे तुला घरात बसून कळलेलं असतं, ते ग्रुपवर जायचं नाही. हळदीचा भाव आणि पोरांचे मार्कही नकोत, कारण एकाचं चांगलं निघालं की दुसऱ्याचं उघडं पडतं.

मग त्या गोष्टीचा प्रश्न कर. प्रश्न असा पाहिजे की त्याचं उत्तर फक्त तेच घर देऊ शकेल, आणि तेही एका ओळीत. "कसे आहात?" याला उत्तर येत नाही, अंगठा येतो. "काकू, जिना चढायल्यात का?" याला उत्तर येतंच, आणि ते वाचून बाकीचेही बोलायला लागतात. निरोप आपल्यासाठी लिहिलाय हे माणसाला या प्रश्नावरून कळतं, नाव घातल्यावरून नव्हे. नुसती नावं तर फॉरवर्डच्या वरही चिकटवता येतात.

ही यादी घेऊन संध्याकाळी आबांजवळ बस. "शुभेच्छा सांगा" म्हणू नकोस, म्हटलंस की ते पेपरातल्यासारखं बोलायला लागतील. एकेका घराचं नाव घे आणि विचार, "नांदेडला काय सांगू?" ते जे म्हणतील ते तसंच लिहून घे. "चढायल्यात" म्हणाले तर "चढत आहेत" करू नको. सुधारलंस की आबा त्यातून निघून जातील.

तुला अंदाज यावा म्हणून मी एक खर्डा करून देते. शब्द माझे आहेत, म्हणून हा पाठवायचा नाही. घडण तेवढी बघ.

"पाडव्याचा रामराम सगळ्यांना. सोयाबीन पाण्यात गेलं, पण ज्वारीनं हात दिला. खळं झालं, पोती घरात आली. विहिरीवरचा लिंब फुलायलाय, आज गुढीला त्याचाच डहाळा लावला. नांदेडच्या सूनबाई, आता जिना चढायल्यात का अजून खालीच? वसमतचे मामा, हळद उकडून झाली का, का कुकरचा नंबर लागायचाय? लातूरच्या छकुले, बारावीचे पेपर सरले, नीटच्या अभ्यासातनं दोन दिवस काढून आंबे खायला येतीस का? पुण्याच्या बाळाची गाठी पोचली का, घालून फोटो टाका. अक्का, तुझ्याशी फोनवर बोलतो. टोरांटोला... आज लिंब आणि गूळ सगळ्यांनी खावा, पोरांनी तोंड वाकडं करू नये. आबा."

यात पहिल्या चार वाक्यांत सगळ्यांचं सामाईक आहे: पाणी, ज्वारी, विहिरीवरचा लिंब. त्या लिंबाखाली ग्रुपमधला प्रत्येक जण कधी ना कधी बसलाय, म्हणून तो एक शब्द सगळ्यांना घरी आणतो. तुमचं खळं पाडव्याआधी झालं नाही तर "झालं" लिहू नको, जे असेल ते लिही. मग घरं येतात, आणि ती मानानं येतात: थोरलं घर आधी, मग मामा, मग पोरं. हा क्रम चुकला तर कोणी बोलून दाखवत नाही, पण लक्षात राहतो. एकही घर सुटता कामा नये. पाच घरांना ओळ आणि सहाव्याला नाही, यापेक्षा सगळ्यांना मिळून एक रामराम बरा. टोरांटोची ओळ मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. ती आबांना विचारून तूच भर, मला आत्ता सांगू नको.

लांबीही बघ. एवढा मजकूर मोठ्यानं वाचायला मिनिटभर लागतो, याहून वाढवू नको. फार लांबला की खाली "Read more" येतं आणि शेवटच्या घरांची ओळ दडून जाते. लिहून झाल्यावर आजीला वाचून दाखव. वाचताना तू जिथं अडखळशील किंवा आजी "काय म्हनलास?" म्हणेल, तिथलं वाक्य तोड.

आता माजलगाव. हे नीट वाच. श्रावणात दाजी गेले. वर्षश्राद्ध होईपर्यंत अक्काकडे सण नाही, गुढी उभारायची नाही. त्या घराला "शुभेच्छा", "आनंदाचा", "गोडाचा" असा एकही शब्द जायला नको, आणि गुढीचं चित्र तिच्या नंबरवर वेगळं तर मुळीच पाठवू नको. पण तिला वगळायचंही नाही. वगळलं तर ग्रुपमधल्या सगळ्या ओळींत तिचीच जागा मोकळी दिसेल. म्हणून खर्ड्यात तिच्या नावापुढे एवढंच आहे की फोनवर बोलतो. त्याहून जास्त सगळ्यांसमोर लिहायचं नाही. तिथं "दाजींची आठवण येते" लिहिलंस तर वीस जण खाली हात जोडतील, आणि त्या दिवशी तिला प्रत्येकाला उत्तर देत बसावं लागेल.

तिला वेगळा निरोप लिही, तुझ्या स्वतःच्या नावानं. त्यात दाजींचं नाव घे. "झालं ते झालं", "देवाची मर्जी" असलं काही नको. दाजी तुझ्याशी ज्या एखाद्या गोष्टीवर बोलायचे ती लिही. दर पाडव्याला ते गुढीची काठी स्वतः धुवायचे, हे तू पाहिलंयस, तेवढं एक वाक्य पुरे. शेवटी काही विचारू नको, उत्तराचं ओझं तिच्यावर ठेवू नको. आणि दहाच्या सुमाराला आबांना फोन लावून दे. अगदी सकाळी लवकर नको, तेव्हा शेजारीपाजारी गुढ्या उभ्या राहत असतात.

पाठवायचं कधी, तर पाडव्याच्या सकाळीच, गुढी उभी राहिल्यावर. आदल्या रात्री टाकून मोकळं व्हावंसं वाटेल, पण पाडव्याचा आदला दिवस अमावास्येचा असतो. आबांना ते चालणार नाही, काकूंनाही नाही. सात वाजता टाकलंस तर इथं १८ तारखेच्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतील. आजच इथली घड्याळं तासभर पुढे सरकली, म्हणून अंतर आता साडेदहाचं नाही, साडेनऊ तासांचं आहे. म्हणजे मी जागी असेन. काही चुकलं तर पंधरा मिनिटांच्या आत तोच मेसेज दुरुस्त करता येतो. पहिल्या पाच मिनिटांत मी वाचून सांगते.

ग्रुपवरच टाक. ब्रॉडकास्ट लिस्ट करू नको. त्या यादीतला मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. तुझा नवा नंबर वसमतच्या मामांनी सेव्ह केलाय की नाही हे तुला कळणारही नाही, आणि त्यांना वाटेल आपल्याला गाळलं. दुसरं म्हणजे ब्रॉडकास्टची उत्तरं फक्त तुझ्याकडे येतात. काकू जिना चढायल्यात हे लातूरला कळलं पाहिजे ना.

ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा सापडत नाही त्यांच्यासाठी तोच मजकूर आबांच्या आवाजात लगेच खाली टाक. रेकॉर्ड करताना पंखा बंद कर आणि फोन आबांच्या तोंडापासून वीतभर लांब धर. कागद वाचायला देऊ नको, वाचताना त्यांचा आवाज शाळेत धडा म्हटल्यासारखा होतो. तू एकेक घर सांग, ते बोलतील. मध्ये खोकला आला तर येऊ दे, कापू नको.

१५ तारखेच्या रविवारपर्यंत आबांचे शब्द लिहून मला फोटो पाठव, कच्चेच. मी फक्त कोणाचं घर सुटलंय का ते बघेन. वहिनीला सांग, पुण्याच्या बाळाची गाठी याच आठवड्यात टाकायला हवी, उन्हात गाठी पाघळते. डब्यात कोरड्या कागदात गुंडाळून घाल म्हणावं.

आबांना आणि आईला नमस्कार.

तुझी,
आत्या