रूथच्या तोंडची क्रियापदं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. हिब्रूचे तक्ते पाठ झालेत, पण वाचायला बसलं की समोरचं क्रियापद ‘जाईन’ म्हणतंय की ‘जाऊ का’ म्हणतंय, हेच कळत नाही, असं तू लिहिलं आहेस. तक्त्यांवरून ते कळणारही नाही. त्यासाठी माणसं एकमेकांशी बोलताना ऐकावी लागतात. म्हणून बायबलमधलं रूथचं पुस्तक हातात घे. चारच अध्याय आहेत, आणि निम्म्याहून जास्त मजकूर संवादांचा आहे.

आधी १:१६ काढ. नामी सुनेला परत जा म्हणते आणि रूथ नकार देते. ‘तू जाशील तिथे मी जाईन’ यातलं ‘जाईन’ हिब्रूत आहे ‘एलेख’. पुढे ‘राहीन’ला ‘आलीन’, ‘मरेन’ला ‘आमूत’, ‘पुरली जाईन’ला ‘एक्कावेर’. आता २:२ वर ये. बेथलेहेमला पोचल्यावर तीच रूथ त्याच नामीला म्हणते, ‘एल्खा-ना’, शेतात जाऊ का, आणि पुढे ‘वा-अलकोता’, कणसं वेचू का. धातू तोच, पुरुष तोच, वचन तेच. फक्त शेवटी एक ‘आ’ जास्त आला. लिपीत तो ‘हे’ या अक्षराने दिसतो, त्यामुळे स्वरचिन्हं नसलेल्या मजकुरातही तो सहसा नजरेतून सुटत नाही. तुझ्या पुस्तकात ज्याला कोहॉर्टेटिव्ह म्हटलंय ते हेच: प्रथम पुरुषातली इच्छा, निश्चय किंवा परवानगीची विनंती.

हा फरक खरा आहे याची खूण समोरच्याच्या उत्तरात सापडते. २:२ मध्ये नामी ताबडतोब म्हणते, ‘लेखी, वित्ती’, जा, माझ्या मुली. परवानगी मागितली होती, ती मिळाली. १:१६ नंतर नामी होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. रूथने मनाशी पक्कं केलंय हे पाहून ती बोलणंच थांबवते (१:१८). पहिल्या अध्यायातल्या रूथने काही मागितलंच नव्हतं, तिने सांगून टाकलं होतं. त्या ओळीचं भाषांतर कुणी ‘मला तुझ्याबरोबर येऊ दे’ असं केलं, तर माझ्या मते तो रूथवर अन्याय आहे. चारही क्रियापदांना ‘आ’ लागू शकला असता, आणि चारांपैकी एकालाही तो लागलेला नाही.

अजून एक गोष्ट बघ. २:२ मध्ये क्रियापद वाक्याच्या तोंडाशी आहे. १:१६ मध्ये ‘तू जाशील तिथे’ आधी येतं, मग ‘एलेख’. हिब्रू संवादात इच्छेचं क्रियापद बहुतेक वेळा पहिलं येतं, आणि साध्या भविष्याच्या आधी काहीतरी दुसरं येऊन बसतं. हा कायदा नाही, कल आहे. पण जिथे रूप मदत करत नाही तिथे यावरच भिस्त ठेवावी लागते. ३:५ घे. रूथ सासूला म्हणते, तू सांगशील ते सगळं ‘एएसे’, करीन. ज्या धातूंचं शेवटचं अक्षर ‘हे’ असतं त्यांना हा ‘आ’ सहसा लागत नाही, म्हणजे रूपावरून काहीच कळणार नाही. पण क्रियापद अगदी शेवटी आहे आणि ती सांगितलेलं ऐकण्याचं वचन देते आहे. इथे साधं भविष्यच आहे.

आता तृतीय पुरुषातल्या इच्छेकडे, म्हणजे जसिव्हकडे. मराठीत ‘देईल’ आणि ‘देवो’ ही रूपं उघड वेगळी आहेत. हिब्रूत बहुतेक धातूंना दोन्ही अर्थांसाठी एकच रूप आहे. काही धातूंमध्ये आणि क्रियापदाच्या काही घडणींमध्येच इच्छेचं रूप आखूड होतं, आणि १:८ मध्ये तसा एक धातू आहे. नामी दोन्ही सुनांना निरोप देताना म्हणते, परमेश्वर तुमच्यावर दया करो. इथे हस्तलिखिताच्या ओळीत लांब रूप आहे, ‘यअसे’. पण मासोरांनी, म्हणजे पाठ जपणाऱ्या त्या यहुदी पंडितांनी, समासात नोंद केली आहे की वाचताना ‘यअस’ असं आखूड म्हणा. लिहिलेलं तसंच ठेवायचं आणि वाचायचं वेगळं, ही त्यांची पद्धत. त्यांच्या कानाला इथे आशीर्वाद ऐकू येत होता, आणि आशीर्वादाला आखूड रूप शोभतं. मला विचारशील तर ती नोंद नसती तरी अर्थ बदलला नसता. क्रियापद वाक्यात पहिलं आहे आणि निरोपाची वेळ आहे. लांब रूप इच्छेच्या जागी आल्याची उदाहरणं इतरत्रही आहेत. उत्पत्ती १:९ मध्ये कोरडी जमीन दिसो असं म्हटलंय, तिथेही ‘तेराए’ असं लांबच रूप आहे.

लगेच पुढच्या १:९ मध्ये ‘यित्तेन’ येतं. याचं आखूड रूप वेगळं नाहीच. ते ‘देईल’ की ‘देवो’, हे तू एकट्या शब्दावरून ठरवू शकणार नाहीस. पण तेही वाक्याच्या तोंडाशी आहे आणि १:८ मधल्या आशीर्वादाला लागून आहे, म्हणून ‘देवो’. पुस्तकाच्या शेवटी वेशीवरचे लोक रूथशी लग्न करणाऱ्या बवाजला आशीर्वाद देतात, तिथेही हेच ‘यित्तेन’ आधी येतं (४:११). पुढच्याच वचनात ‘विही’ आहे, ‘आणि होवो’, ते उघडपणे आखूड. लांब असतं तर ‘यिह्ये’ झालं असतं. एका स्पष्ट रूपामुळे शेजारच्या संदिग्ध रूपाचा अर्थ पक्का होतो. वाचताना आधी स्पष्ट रूपं शोध आणि मग त्यांच्या आजूबाजूला बघ.

नकाराच्या वाक्यांत बरंच सोपं जातं, कारण तिथे नकाराचा शब्दच वेगळा असतो. ‘अल’ आला की इच्छा किंवा मनाई, ‘लो’ आला की सर्वसाधारणपणे भविष्य. ३:१८ मध्ये नामी म्हणते, तो माणूस स्वस्थ बसणार नाही, तिथे ‘लो यिश्कोत’ आहे. नामी त्याला स्वस्थ बसू नको म्हणत नाहीये, तो काय करेल ते सांगते आहे. पण २:८ मध्ये बवाज एका दमात दोन्ही वापरतो: ‘अल तेल्खी’, दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, आणि ‘लो तअवूरी’, इथून हलायचं नाही. इथे ‘लो’ही मनाईच करतो, फक्त ती जास्त ठाम, कायमच्या नियमासारखी वाटते. दहा आज्ञांमधला ‘लो’ याच जातीचा. तेव्हा ‘लो’ दिसला की डोळे मिटून ‘-णार नाही’ असं लिहू नकोस. बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला काही करायला सांगतोय की घडणारी गोष्ट कळवतोय, ते आधी बघ.

आणि एक जागा अशी आहे जिथे मी अजून अडतो. ३:१३ मध्ये बवाज जवळच्या नातलगाबद्दल म्हणतो, त्याने तुला सोडवलं, म्हणजे नातलगाच्या हक्काने पदरात घेतलं, तर ‘तोव, यिगआल’. ‘तोव’ म्हणजे बरं. ‘यिगआल’ला आखूड रूप नाही. हे स्वतंत्र वाक्य धरलं तर क्रियापद पहिलं येतं आणि अर्थ होतो ‘बरं, सोडवो बापडा’. ‘तोव’ला जोडून घेतलं, तर क्रियापद दुसऱ्या जागी जातं आणि मग ‘ठीक, सोडवील’ही म्हणता येतं. मी पहिल्या बाजूने आहे, कारण लगेच पुढे तो नाही सोडवणार तर मी सोडवीन असं बवाज शपथेवर सांगतो. त्या नातलगाला तो मोकळी वाट देतो आहे, त्याचं भाकीत करत नाहीये. पण तू चारही अध्याय वाचून काढ आणि तुला कसं ऐकू येतं ते कळव.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच