विषय: 'IST' म्हणजे नक्की कोणाची वेळ, आणि माझा होळकर टपाल-लिफाफा

काल चौथ्यांदा फोन केला. चौथ्यांदा 'आपकी शिकायत नोट कर ली गई है' ऐकलं. म्हणून आता लेखी.

तुमच्या ऑनलाइन लिलावातला लॉट होता होळकर संस्थानचा टपाल-लिफाफा, त्यावर 1886 चं अर्ध्या आण्याचं जांभळं तिकीट आणि तिकिटावर तुकोजीराव दुसरे. विक्रेता डब्लिनचा. बोली संपायची वेळ तुमच्या पानावर अशी होती: `Sun 30 Mar 21:00 IST`. मी राहतो इंदूरला. IST वाचून मी कोणती वेळ धरायची, ते तुम्हीच सांगा.

याच विक्रेत्याकडून फेब्रुवारीत मी एक लॉट घेतला होता. तेव्हा पानावर `21:00 GMT` होतं. साडेपाच तास मिळवले, रात्री अडीचपर्यंत जागलो, लॉट मिळाला. मार्चमध्ये IST दिसलं तेव्हा वाटलं, चला, कंपनीला अक्कल आली, आता आपली वेळ दाखवतात. 30 मार्चला गुढीपाडवा होता. 8 वाजून 57 मिनिटांनी 85 युरोची बोली लावली, सर्वांत वरची माझीच दिसली, लॅपटॉप मिटला आणि श्रीखंडाच्या ताटावर बसलो. सकाळी मेल पाहिली. रात्री 1:28 ला कोणीतरी 90 लावले होते आणि 1:30 ला लॉट बंद झाला.

कारण तुम्हाला ठाऊक असणार. नेमक्या त्याच रविवारी पहाटे आयर्लंडची घड्याळं तासभर पुढे गेली. तिथे 1971 च्या कायद्यापासून उन्हाळ्यातली वेळच 'प्रमाण' मानतात, म्हणून तिचं नाव आयरिश स्टँडर्ड टाइम, आणि तिचीही आद्याक्षरं IST. ही वेळ UTC च्या एक तास पुढे, आपली साडेपाच तास पुढे. म्हणजे डब्लिनचे रात्रीचे 9 आपल्याकडे सोमवारी पहाटेचे दीड. इस्रायलचीसुद्धा एक IST आहे, तिकडचा विक्रेता अजून भेटायचाय.

आता तिसऱ्या फोनबद्दल, कारण तो मी विसरणार नाही. तुमचे प्रतिनिधी म्हणाले, "सर, आईएसटी मतलब अपना इंडियन टाइम ही होता है।" मी विचारलं, मग लॉट नऊला का नाही संपला? अकरा मिनिटं संगीत. परत येऊन म्हणाले, "सर, सेलर आयरलैंड का है, तो वो आयरिश वाला आईएसटी है।" मी म्हटलं, अहो, मघाशी तर तुम्हीच इंडियन म्हणालात! त्यावर अगदी प्रेमाने, "सर, आपको सेलर से कन्फर्म कर लेना चाहिए था।" म्हणजे तुमच्या माणसाला उत्तर शोधायला अकरा मिनिटं लागली, आणि मला ते ताटावर बसता बसता कळायला हवं होतं!

जागरणाचा प्रश्नच नव्हता. इंदूरकराला रात्रीचा दीड म्हणजे सराफ्यात खायला जायची वेळ.

माझी चूक एवढीच की मी 120 युरोपर्यंत गेलो असतो आणि रकान्यात 85 च टाकले. कमाल बोली खरी टाकली असती तर सिस्टिमनेच माझ्या वतीने पाच-पाच युरोंनी वाढवलं असतं. आता मी तेच करतो. शिवाय फोनच्या कॅलेंडरमध्ये नोंद करताना टाइम झोन 'डब्लिन' निवडतो, मग उन्हाळा-हिवाळा फोनच सांभाळतो. साडेचार की साडेपाच ही बोटं मोजत नाही, कारण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो हिशेब पुन्हा बदलतो. पण हे सगळं मी करायचं, तर तुम्ही दलाली कशाची घेता?

तुमच्या अॅपमध्ये मराठी भाषा निवडता येते, वेळ निवडता येत नाही. आद्याक्षरं काढा. `UTC+01:00` असं लिहा आणि त्याखाली बोली लावणाऱ्याच्या गावची वेळ वार-तारखेसकट द्या, कारण इथे वारही बदलला होता. उरलेल्या वेळेचं उलटं घड्याळ लावा. आणि शेवटच्या मिनिटांत बोली आली तर मुदत थोडी वाढवा. मग 1:28 ला येणाऱ्याला निदान उत्तर तरी देता येईल.

पुन्हा सांगतो, पानावर IST लिहिलं होतं. IST!

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या कायद्याने मी राहतो तिथेच तक्रार करता येते, तुमच्या मुख्यालयाच्या गावी यावं लागत नाही. लिफाफा काही परत येणार नाही, ते कळतं मला. सहा वर्षं तुमच्याकडूनच घेत होतो, त्याचं जास्त वाईट वाटतं.

पंधरा दिवस भारतीय वेळेनुसार मोजावेत.

तुमचा (अजून तरी) ग्राहक,
रामबाग, इंदूर