रविवारच्या पोटदुखीसाठी, मॅडम, तुमचे आभार

प्रिय मॅडम,

कौटुंबिक न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात तुमच्यासमोर बसलो, तेव्हा माझ्या पिशवीत लेकीच्या बाबाच्या उशिरा येण्याच्या तारखा लिहिलेली वही होती. त्याच्याकडेही तसंच काहीतरी असणार. आधी तुम्ही आम्हाला वेगवेगळं भेटलात. मारहाण झाली होती का, त्याच्यासमोर बोलायची भीती वाटते का, हे स्पष्ट विचारलंत. तसं असतं तर समोरासमोर बसवलंच नसतं, म्हणालात. मग वही बंद करायला सांगितलीत.

आमचं भांडण रविवारच्या रात्रीचं होतं. एक आड एक शनिवार-रविवार लेक बाबाकडे जायची आणि रविवारी आठला तो तिला आमच्या सोसायटीच्या गेटवर सोडायचा. सहा वर्षांची पोर संध्याकाळपासूनच पोट धरून बसायची. मी म्हणायचे, तिकडे अरबट-चरबट खायला घालतात. तो म्हणायचा, आईने मनात भरवलंय.

तुम्ही एवढंच विचारलंत, "शनिवारी सकाळी निघतानाही दुखतं का?" दुखायचं. म्हणजे माझ्या घरातून निघतानाही. दोष खाण्याचा नव्हता, गेटचा होता. जाताना-येताना तिथे आम्ही दोघं समोरासमोर यायचो आणि ती मध्ये उभी असायची.

मग तुम्ही कागदावर तिचे चौदा दिवस आखलेत. आमचे नव्हे, तिचे. बाबाने शुक्रवारी शाळेतून न्यायचं, सोमवारी सकाळी शाळेतच सोडायचं. गेटचा प्रश्नच मिटला. पण मग सोमवारपासून पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत अकरा दिवस बाबा दिसणार नव्हता. एवढ्या लहान मुलाला अकरा दिवस फार लांब असतात, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी गप्प झाले. दर बुधवारची रात्रही त्याच्याकडे, गुरुवारी थेट शाळा, असं ठरल्यावर सर्वांत मोठा खंड सहा दिवसांचा उरला. त्यासाठी गणवेशाचा दुसरा जोड आणि दुसरी कंपासपेटी घ्यावी लागली, बस्स.

दिवाळीवर मी पुन्हा अडले. पाडवा आणि भाऊबीज दोन्ही माझ्याकडेच, म्हणून हट्ट धरला. तुम्ही विचारलंत, भाऊबीजेला ती कुणाला ओवाळते? चुलत भावाला, तिकडेच. तो दिवस तिकडे गेला. खरं सांगते, तेव्हा तुमचा राग आला होता.

संमतीच्या अटींमध्ये तुम्ही आणखी एक ओळ घालायला लावलीत: दर जूनला, शाळा सुरू होताना, वेळापत्रक पुन्हा पाहायचं. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, मूल वाढतं तसा तो बदलता येतो, हे वकिलांनीही आम्हाला सांगितलं नव्हतं.

आम्ही दोघं अजून एकमेकांशी मोजकंच बोलतो. तो अजूनही उशीर करतो, पण आता शाळेच्या फाटकावर, आणि तिथे बाई असतात. या जूनमध्ये लेक म्हणाली, बुधवारी नाच असतो, तर बाबाकडे गुरुवारी जाऊ का? आम्ही दोघांनी कॅलेंडर काढलं.

तुमची,
एका दुसरीतल्या मुलीची आई