ईराच्या गुलाबी कार्डिगनबद्दल

सांगली, विश्रामबाग
मंगळवार, रात्री

प्रिय वासंती,

ईराने पाठवलेले फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. खाली तिने एवढंच लिहिलंय, ‘मावशी, मला बॅलेकोर हवंय, पण वाढदिवसाच्या फ्रॉकसारखं दिसायला नको.’ बॅलेकोर म्हणजे बॅले नाचणाऱ्यांच्या सरावाच्या कपड्यांसारखं रोज घालायचं. पोरीने नेमकं दुखणं सांगितलं. गुलाबी, झिरझिरीत आणि वर फिती, असं काहीही शिवलं की ते फ्रॉककडेच झुकतं. ते टाळायचं तर हे कपडे मुळात कशासाठी आहेत ते धरून शिवावं लागतं, म्हणून पत्र जरा लांबणार.

सगळा जीव त्या रॅप कार्डिगनमध्ये आहे. बॅलेच्या सरावात अंग गरम राहावं म्हणून ते घालतात. ते अंगाबरोबर असतं, कारण शिकवणाऱ्याला पाठ आणि कंबर दिसायला हवी. कमरेशी संपतं, कारण पायांची हालचाल झाकायची नाही. आणि त्याला बटणं नसतात. बाळाचं झबलं आठव, एक पदर दुसऱ्यावर आणि बंद. फरक एवढाच की आतल्या पदराचा बंद उजव्या शिवणीत ठेवलेल्या इंचभर फटीतून बाहेर काढायचा, पाठीवरून फिरवायचा आणि वरच्या पदराच्या बंदाशी डाव्या कुशीला गाठ मारायची. ही फट पुष्कळ जण ठेवतच नाहीत. मग आतला पदर चुरगळून पोटाशी गोळा होतो.

गेल्या वर्षी भाचीचं शिवलं तेव्हा माझी चूक वेगळी झाली. वाकली की गळा फाकायचा. शिवून टेबलावर पसरलं तेव्हाच कड तळलेल्या पापडासारखी वर-खाली झाली होती, मी लक्ष दिलं नाही. गळ्याची कड तिरकी कापलेली असते, त्यामुळे मशीनखाली ती ताणली जाते. शेवटी पट्टी उसवली. एका टोकापासून मानेमागून दुसऱ्या टोकापर्यंत गळा ४६ इंच भरत होता, मी त्याच कापडाची पट्टी ४२ इंचांची घेतली. मानेमागे सरळ लावली आणि पुढच्या तिरक्या भागात पट्टी किंचित ओढत शिवली. गळा छातीला चिकटून बसला. कापड ताण घेणारं होजियरीच हवं, त्यासाठी गोलसर टोकाची बॉलपॉइंट सुई आणि बारीक झिगझॅग. साध्या टिपेने पहिल्याच दिवशी दोरा तुटतो. लोकर आपल्या सांगलीत डिसेंबरातही जड होते, म्हणून सुती लायक्रा घेऊ.

स्कर्टचं सोपं आहे. घागऱ्याखाली लावतात ती कडक कॅनकॅन नेट अजिबात नको, ती फुगते आणि टोचते. मऊ नेट घ्यायची. पन्हा ५८ इंच असेल तर अडीच मीटर पुरते. लांबीतून मधोमध कापली की २९ इंच उंचीचे दोन थर निघतात, प्रत्येकाचा घेर ९८ इंच. ईराची कंबर २८ आहे, म्हणजे साडेतीन पट चुण्या. खाली क्रेपचं अस्तर. नेटची कड उसवत नाही, तिला दुमड घालू नकोस, दुमडली की ती जड होऊन लटकते. इस्त्री मात्र वर सुती फडकं ठेवूनच, थेट लावली तर नेट वितळते.

आत लिओटार्ड, खांद्यापासून मांड्यांपर्यंतचा अंगाला घट्ट बसणारा एकसंध कपडा, म्हणजे स्कर्टच्या पट्ट्यात काही खोचावं लागत नाही आणि कंबर सपाट राहते. एकोणिसाव्या शतकातल्या ज्यूल लिओटार्ड या फ्रेंच कसरतपटूचं नाव त्याला मिळालंय. तयार घ्या, पण छातीच्या मापावर जाऊ नका. खांद्यावरून, दोन पायांमधून, पुन्हा त्याच खांद्यापर्यंत टेप फिरवून माप घे. ते कमी पडलं तर खांदे दिवसभर ओढले जातात. खाली टिचबटणं असलेलाच पाहा, कॉलेजात दिवस काढायचाय तिला.

आता रंग. इथे मी हट्ट धरणार आहे. बॅलेचा फिका गुलाबी गोऱ्या नर्तकींच्या त्वचेशी मिळता होता, म्हणजे पाय आणि बूट एकच रेघ दिसावेत. सावळ्या पायांवर ती रेघ घोट्याशीच तुटते. म्हणूनच न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या कृष्णवर्णीय बॅले मंडळीच्या नर्तकी स्वतःच्या त्वचेच्या रंगाचे मोजे-बूट घालू लागल्या, आणि लंडनच्या ‘फ्रीड’ या बूट बनवणाऱ्या कंपनीने तपकिरी पॉइंट शूज, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचायचे बूट, काढले ते थेट २०१८ साली. आपली ईरा सावळी, देखणी. खडूसारखा, निळसर झाक असलेला गुलाबी तिच्या चेहऱ्यावर राख फासल्यासारखा दिसेल. पीचकडे झुकणारा, थोडा मातकट गुलाबी घेऊ. मोजे तिच्या रंगाचेच. मारुती रोडवरून तीन तुकडे आणलेत, सोबत पाठवतेय. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तिन्ही सारखेच दिसत होते, तेव्हा सकाळी खिडकीशी उभी करून हनुवटीखाली धर.

फिती फक्त जिथे खरंच बांधायचं आहे तिथे: कार्डिगनचे बंद आणि अंबाड्याभोवती एक. छातीवर, बाहीवर बो चिकटवले की फ्रॉक झालाच म्हणून समज. साटीनची टोकं तिरकी कापून मेणबत्तीजवळून झरकन फिरव, काळी पडू देऊ नकोस.

छाती, कंबर, खांद्यापासून कंबर आणि ते वळसा घालून घेतलेलं माप, एवढं कळव. रविवारी कापायला बसते.

तुझी,
माधुरी